न दुखणारी जखम कोणत्या खान्यात?

मार्चचा शेवटचा आठवडा कळंबसारख्या तालुक्याच्या गावी नोकरी आणि शेती दोन्ही सांभाळणाऱ्या माणसावर सगळीकडून येतो. कचेरीत आर्थिक वर्ष संपत असतं आणि निधी परत जाण्याआधी बिलं उपकोषागारात पोचवायची असतात. सोसायटीच्या पीक कर्जाचं नवंजुनं ३१ मार्चच्या आत उरकायचं असतं. शेतात ज्वारी काढून पडलेली असते आणि नेमकं तेव्हाच आभाळ भरून यायला लागतं. सोयरीक-साखरपुडे, येरमाळ्याच्या येडेश्वरीची चैत्रातली यात्रा जवळ आल्यामुळे पाहुण्यांचे फोन, हे सगळं त्यातच. लेखा शाखेत काम करत असल्यामुळे हा आठवडा माझ्या वाट्याला दरवर्षी येतो.

अशाच एका आठवड्याच्या आदल्या रविवारी संध्याकाळी मी कागदावर चार खाने पाडले होते. ही पद्धत आता बऱ्याच जणांना माहीत आहे. कामं दोन प्रश्नांनी चाळायची: हे महत्त्वाचं आहे का, आणि हे तातडीचं आहे का? दोन्ही असेल तर लगेच करायचं. महत्त्वाचं असून तातडीचं नसेल तर त्याला वेळ ठरवून द्यायचा. तातडीचं असून फारसं महत्त्वाचं नसेल तर दुसऱ्याकडे सोपवायचं, आणि दोन्ही नसेल ते सोडून द्यायचं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५४ सालच्या एका भाषणात तातडीचं आणि महत्त्वाचं यांतला फरक एका माजी कॉलेज-प्रमुखाच्या हवाल्याने सांगितला होता, म्हणून या चौकटीला त्यांचं नाव चिकटलं. चार खान्यांची आखणी घरोघरी पोचली ती पुढे, स्टीफन कव्ही यांच्या १९८९ सालच्या पुस्तकामुळे.

त्या रविवारी पहिल्या खान्यात बिलं आणि ज्वारी गेली. तिसऱ्यात वरच्या कचेरीतून मागवलेली माहिती, पाहुणे, बार्शीचा साखरपुडा. दुसऱ्या खान्यात दोन कामं आली. एक सोसायटीचं नवंजुनं, कारण मुदतीला अजून दिवस होते. दुसरं आईचा पाय. आईला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. तिच्या उजव्या अंगठ्याच्या खाली, तळव्याकडून, चपलेने घासून एक छोटी जखम झाली होती. हरभऱ्याच्या दाण्याएवढी, कडेला पांढरट कातडी, मध्ये ओलसर. ‘दुखत नाही रे, कशाला दवाखाना?’ असं ती म्हणाली. आम्ही हळद लावली, पट्टी बांधली आणि कागदावर लिहिलं: पुढच्या सोमवारी लातूरला दाखवणे.

शुक्रवारी पट्टी सोडली तेव्हा अंगठा सुजून लालसर-काळा पडला होता आणि पट्टीला वास येत होता. तरीही दुखत नव्हतं. अंगात ताप होता, साखर खूप वाढलेली. रात्रीच लातूरला नेलं. अंगठा काढावा लागला, पाय वाचला.

तिथल्या डॉक्टरांनी जे समजावलं ते घरात मधुमेही माणूस असणाऱ्या प्रत्येकाने ऐकावं असं आहे. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात पायाच्या नसा बधीर होतात. मग खडा टोचला, चप्पल घासली तरी कळत नाही. त्यात रक्तपुरवठाही कमी झालेला असेल तर जखम भरत नाही आणि आतल्या आत पू पसरतो. म्हणजे दुखत नाही ही आनंदाची बातमी नसते. नसा बधीर झाल्याची ती खूण असते. अशा पायावर जखम, फोड, लाली, ऊब, सूज किंवा वास यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. गावात उपजिल्हा रुग्णालय आहे. जखम बघून घ्यायला, साखर तपासायला लातूरपर्यंत जायची गरज नसते.

चार खान्यांची चौकट त्या आठवड्यात होतीच, आणि चौकट चुकीची नव्हती. तातडी ओळखायची आमची खूण चुकीची होती. ज्या कामाचा फोन वाजतो, ज्याची आठवण कोणीतरी करून देतो, जे दुखतं, ते तातडीचं असं आपण धरून चालतो. वरिष्ठांचा ‘आज सायंकाळपर्यंत माहिती सादर करावी’ हा व्हॉट्सॲपवरचा निरोप आवाज करतो. बधीर पाय आवाज करत नाही. सोसायटीची मुदतही करत नाही. गटसचिव एकदा यादी लावतो आणि गप्प बसतो. २०१८ साली मेंग झू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग करून हेच दाखवलं की मुदत जवळची दिसली की माणसं कमी फायद्याचं काम आधी उचलतात, जास्त फायद्याचं काम समोर असलं तरी. मार्चमधल्या कुठल्याही कचेरीत तासभर बसलं तर हे डोळ्यांनी दिसतं.

म्हणून आता कामं खान्यात टाकण्याआधी मी प्रत्येकासमोर दोन गोष्टी लिहितो. एक, हे पुढच्या सोमवारपर्यंत राहिलं तर नेमकं काय जाईल? दोन, गेलेलं परत मिळेल का? कोण मागे लागलंय हा प्रश्न कागदावर येतच नाही. तातडी या दोन उत्तरांवरून ठरते.

त्यानंतरच्या मार्चमधला आठवडा याच रीतीने मांडला होता, तो सविस्तर सांगतो. आक्षेप लागून परत आलेलं एक बिल होतं. पुढच्या सोमवारपर्यंत राहिलं तर निधी परत जाणार आणि पुरवठादाराचे पैसे पुढच्या वर्षाच्या तरतुदीवर अडकणार. म्हणजे पहिला खाना, आणि तोही सोमवारी सकाळीच, कारण आक्षेप दुसऱ्यांदा लागला तर पूर्ततेला दिवस हाताशी हवेत. बिल शेवटच्या दिवशी नेलं की एखादी सही, एखादं प्रमाणपत्र राहिलं म्हणून ते परत येतं आणि सुधारायला वेळच उरत नाही, हे लेखा शाखेतला कोणीही सांगेल. माहिती मागवणारे निरोप मात्र बहुतेक राहू शकतात. आकडे आधीच्या तक्त्यात असतात, ते दुपारच्या जेवणानंतर एकाच बैठकीत भरून पाठवले तर कोणाचं काही जात नाही.

नवंजुनं वरवर पाहता शेवटच्या दिवशीही चालेल असं वाटतं. पण ते एका दिवसाचं काम नाही. आधी जुनी रक्कम भरायला पैसे उभे करावे लागतात, बहुतेक घरांत ते चार दिवसांसाठी सोयऱ्याकडून हातउसने घेतले जातात. मग सातबारा, आठ-अ, सह्या, आणि नवी रक्कम खात्यात यायला आणखी काही दिवस. आपल्याकडे ३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं की व्याज लागत नाही. मुदत हुकली की ती सवलत जाते, आणि गेलेली सवलत कोणी परत देत नाही. त्यामुळे कागदावर मुदतीची तारीख लिहू नये, सुरुवातीची तारीख लिहावी. आम्ही मंगळवारी पैशांची बोलणी आणि बुधवारी सोसायटी असं लिहिलं, तेव्हा हे काम दुसऱ्या खान्यातून आपोआप वर सरकलं.

ज्वारीचं ठरवायला आभाळ बघावं लागतं. पेंढ्या शेतात पडलेल्या असताना अवकाळी पाऊस झाला तर दाणे काळे पडतात, कडबाही कुजतो. ऊन स्वच्छ असेल तर दोन दिवस इकडेतिकडे चालतात. म्हणून या कामाचा खाना रोज संध्याकाळी बदलू शकतो, आणि तो बदलू द्यावा. ताडपत्री मात्र आधीच शेतात नेऊन ठेवावी.

आईच्या पायाला आता कागदावर जागाच लागत नाही. रोज रात्री, पायाखाली छोटा आरसा धरून, बोटांच्या बेचक्यांसकट तळवा पाहायचा, हे घरातल्या दिवाबत्तीसारखं ठरलेलं काम आहे. माझ्या मते दुसऱ्या खान्यातल्या प्रकृतीच्या गोष्टींचा हाच मार्ग आहे. त्यांना ‘पुढच्या आठवड्यात’ असं लिहिलं की त्या बुडतात. एक तर आजच्या दिनक्रमात बसवा, नाही तर वाहनासकट तारीख आणि वेळ नक्की करा.

तिसऱ्या खान्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण पुस्तकातला सल्ला आपल्या घरात सरळ लागू होत नाही. ‘दुसऱ्याकडे सोपवा’ हे कचेरीत ठीक आहे. घरात सोपवलेली बहुतेक कामं एकाच माणसाकडे जातात. पाहुण्यांचा स्वयंपाक, आहेराची साडी, मजुरांची न्याहारी, मुलीची परीक्षेची तयारी, ही सगळी माझ्या कागदावर तिसऱ्या खान्यात होती आणि बायकोच्या आठवड्यात पहिल्या. एकदा ती शांतपणे म्हणाली, ‘अहो, तुमचा खाना रिकामा होतो तो माझ्या डोक्यावर.’ तेव्हापासून रविवारी कागद एकच असतो आणि दोघं मिळून भरतो. ज्याच्याकडे काम जातं त्याचं नाव समोर येतं, आणि एका नावापुढे कामांची रांग लागली की ती तिथेच दिसते. मग पाहुणे येणार त्या दिवशी भाकरी बाहेरून आणायच्या की पाहुण्यांनाच पुढचा आठवडा सुचवायचा, हे आधी ठरतं.

बार्शीचा साखरपुडा दुसऱ्या कारणाने अवघड होता. काम म्हणून बघितलं तर मी न गेल्याने काही अडत नव्हतं, पण चुलतभावाच्या घरचं कार्य, तिथे न जाणं मनाला लागतं आणि लक्षातही राहतं. अशा ठिकाणी सोपवण्याची एक रीत पाळावी लागते. निरोप पाठवायचा नाही, स्वतः फोन करायचा आणि तोही आदल्या दिवशी नाही, चांगला चार दिवस आधी. ‘दादा, ३१ तारखेपर्यंत बिलं आहेत, मला कचेरी सोडता येत नाही. धाकटा आणि वहिनी सकाळपासून तिथे असतील, आणि लग्नाला मी आधी दोन दिवस येऊन राहीन.’ एवढं स्पष्ट बोललं की माणसं समजून घेतात. पण लग्नाला दोन दिवस आधी जायचं म्हटलंत तर जायलाच हवं. ते वाक्य त्या क्षणापासून दुसऱ्या खान्यातलं, तारीख असलेलं काम झालं.

चौथ्या खान्यात माझ्याकडे फारसं काही नसतं, ग्रुपवरचे फॉरवर्ड सोडले तर.

या पद्धतीचा एक घोळ जवळजवळ प्रत्येकाचा होतो: सगळंच पहिल्या खान्यात जमा होतं. तसं झालं की समजावं, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर घाईत लिहिलंय. ‘परत मिळेल का’ याला प्रामाणिक ‘हो’ असेल त्या कामाला पहिल्या खान्यात जागा नाही, साहेबांनी कितीही वेळा विचारलं तरी. उलट, पहिल्या खान्यातली कामं खरंच एका माणसाच्या आवाक्याबाहेरची असतील तर कुठलीही चौकट ती आवाक्यात आणणार नाही. तेव्हा सोमवारीच साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून सांगावं की या दोन बिलांपैकी कोणतं आधी काढू. शुक्रवारी सांगितलं तर ती सबब वाटते, सोमवारी सांगितलं तर वरून एखादा हात मिळतो.

आणि कागद रविवारी भरून भिंतीला लावून चालत नाही. बुधवारी रात्री जेवणानंतर तो पुन्हा काढायचा, दुसऱ्या खान्यावर बोट ठेवून एकेका कामाला विचारायचं: रविवारपासून यात काही बदललं का? आभाळ, अंगावरचा ताप, सोसायटीतली गर्दी, यांतलं काही बदललं असेल तर ते काम तिथून उचलून गुरुवारच्या सकाळवर लिहायचं, आणि त्या सकाळचं एक काम खोडायचं.