‘अंतरा’ इंजेक्शनची तारीख चुकल्यास

शासकीय आरोग्य केंद्रांत ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन दर तीन महिन्यांनी विनामूल्य दिले जाते. समजा, एका भगिनीने ते ५ जानेवारीस घेतले. तिची पुढील तारीख ५ एप्रिल. त्याआधी दोन आठवडे, म्हणजे २२ मार्चपासून, ते घेता येते. आणि उशीर झाला तरी चार आठवडे, म्हणजे ३ मेपर्यंत, अन्य कोणत्याही साधनाविना घेता येते. ही सवलत अडचणीसाठी आहे, शेतीची कामे उरकेपर्यंत थांबण्यासाठी नव्हे.

ती १० मे रोजी आली तर मात्र प्रथम गर्भ नाही याची खात्री करावी लागते. पाळी आली नाही यावरून काहीच ठरत नाही, कारण या इंजेक्शनने पाळी पुष्कळदा थांबते. ३ मेनंतर संबंध आला नसेल, किंवा प्रत्येक वेळी निरोध वापरला असेल, तर त्याच दिवशी इंजेक्शन देता येते. पुढे सात दिवस निरोध वापरावा अथवा संबंध टाळावा. निरोधाविना संबंध आला असल्यास तसे स्पष्ट सांगावे, कारण अगदी अलीकडची गर्भधारणा लघवीच्या चाचणीत दिसत नाही. पुढील तारीख जुन्या कार्डावरून नव्हे, तर १० मेपासून मोजावी: १० ऑगस्ट.