मंठ्यात रोज किती चहा विकला जातो?

पुण्यातल्या एका मुलाखतीत माझं गाव पाहून साहेबांनी विचारलं, "तुमच्या मंठ्यात टपऱ्यांवर रोज किती चहा विकला जातो?" मी थोडा वेळ गप्प बसलो आणि म्हणालो, "पाच हजार कप." "कसे?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती नोकरी गेली. पुढे महिनाभर मी या एकाच प्रश्नाला धरून बसलो.

१. आधी प्रश्नाची हद्द ठरवून घ्यावी. कप मोजायचे की रुपये? हॉटेलातला चहा धरायचा का? साधा दिवस की बाजाराचा? मी ठरवलं: फक्त टपऱ्या, साधा दिवस, कप.

२. प्यायला येतं कोण, ते मोठ्यानं बोलत मोजावं. गावाची वस्ती ३०,००० धरली. टपरीवर मुख्यतः पुरुषच थांबतात. मोठे पुरुष एक तृतीयांश, म्हणजे १०,०००. त्यातले निम्मे बाहेर चहा घेतात, दिवसाला दोनदा. झाले १०,००० कप. इथंच मी पहिल्यांदा थांबलो होतो, आणि चूक इथंच होती. मंठा तालुक्याचं गाव आहे. तहसीलला, दवाखान्यात, मोंढ्यात खेड्यांतून माणसं येतात. जालना-जिंतूर रस्त्यावरच्या गाड्याही थांबतात. बाहेरचे ४,००० आणि प्रत्येकी एक कप धरला, तर एकूण १४,०००. मोठ्या शहराच्या हिशेबात बाहेरच्यांना वगळलं तरी फार बिघडत नाही. तालुक्याच्या गावात मात्र तेच उत्तर हलवतात.

३. दुसऱ्या बाजूनं ताळा करावा. स्टँडजवळच्या टपरीवाल्या काकांना मी विचारलं, "एक लिटर दुधात किती कप निघतात?" "अर्धा लिटर पाणी घातलं की वीस." हे पटण्यासारखं होतं, कारण दीड लिटरमध्ये ७५ मिलिलिटरचे वीसच कप बसतात. टपऱ्या ६० आणि प्रत्येकीला रोज आठ लिटर दूध धरलं, तर ४८० लिटर, म्हणजे ९,६०० कप. १४,००० आणि ९,६०० यांत दीडपट फरक आहे. अशा अंदाजात तो चालतो. दहापट आला असता, तर कुठंतरी एखादं शून्य चुकलं किंवा एखादा गट सुटला असं समजून परत मागं जावं लागलं असतं. उत्तर सांगतानाही एक आकडा न ठोकता "दहा ते चौदा हजार" म्हणावं.

४. सगळ्यात कच्चं गृहीतक आपणच दाखवावं. पुढच्या मुलाखतीत असाच प्रश्न आला, तेव्हा मी हाच हिशेब मांडला आणि म्हणालो, "बाहेरच्यांचा आकडा कच्चा आहे." समोरच्या बाईंनी लगेच विचारलं, "मग बाजाराच्या दिवशी?" बाकी काही न हलवता मी ४,००० चे ८,००० केले आणि १८,००० सांगितले. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं आणि टपऱ्यांना त्या दिवशी दूध किती लागेल, ते विचारलं. मी वीसनं भागलं: ९०० लिटर.