इतरांच्या जेवणाच्या वेळा आणि आपलं पोट

पुण्यात दिवसभर पार्सलं पोचवायची आणि संध्याकाळी जिमला जायचं, हे खाण्याच्या वेळा बसल्या की जमतं.

१. लोक दुपारी बारा ते तीन आणि रात्री सात ते अकरा जेवतात, तेव्हा आपण गाडीवर असतो. म्हणून पहिलं पोटभर जेवण सकाळी अकराच्या आत उरकायचं: दोन ज्वारीच्या भाकरी, मटकीची उसळ, दोन अंडी. नुसत्या चहा-क्रीमरोलवर निघालेला माणूस दीड वाजता गिऱ्हाइकावर चिडतो, वळणं चुकतो. ती भूक असते, स्वभाव नव्हे.

२. दमलो म्हणजे हमालाइतकं खायला हवं, असं नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबात ६५ किलोच्या पुरुषाला मध्यम कष्टाला सुमारे २,७०० आणि जड कष्टाला सुमारे ३,४७० कॅलरी लागतात. मार्केट यार्डात पोती उचलणारा दुसऱ्या गटातला. पेट्रोलच्या गाडीवरचा माणूस, जिने चढूनही, पहिल्याच्या जवळ, सायकलवाल्याचं वेगळं. आपला थकवा बराचसा उन्हाचा आणि ट्रॅफिकचा असतो. आठवड्यातून एकदा सकाळी उपाशीपोटी वजन करावं. ते घसरत असेल तर एक भाकरी वाढवावी, पोट सुटत असेल तर वडापाव आधी कमी करावा.

३. तीन वाजताचं जेवण आटोपशीर ठेवावं: तीन पोळ्या, घट्ट वरण, भाजी. पाचला जिम असेल तर चारनंतर तळलेलं नको. तेलकट खाणं पोटात रेंगाळतं आणि बैठका मारताना घशाशी येतं. अर्धा तास आधी एक केळं पुरतं.

४. पावडरच्या डब्याआधी किराणा दुकान बघावं. व्यायाम करणाऱ्याला किलोमागे दीड ग्रॅम प्रथिनं धरली, तर ६५ किलोला शंभरच्या आसपास. सकाळच्या ताटात तीस-बत्तीस, दुपारी वीस. जिमनंतर पन्नास ग्रॅम सोयाच्या वड्या (वजन कोरड्याचं) भिजवून, परतून खाल्ल्या की पंचवीस. खिशातल्या मूठ-दीड मूठ फुटाण्यांचे दहा. रात्री मुगाची खिचडी आणि वाटीभर दही, की हिशेब जमतो. साडेअकराला मटण-बिर्याणी खाल्ली तर झोप बिघडते, आणि स्नायू भरून येतात ते झोपेत.

५. रस्त्यात लघवीची सोय नाही म्हणून आमच्यातले बरेच जण पाणीच पीत नाहीत. एप्रिलात पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा हे महागात पडतं. लघवी गडद पिवळी दिसली, डोकं ठणकू लागलं, की त्या दिवशी वजनं उचलू नयेत. आधी मीठ घातलेलं ताक घ्यावं. गरगरलं, उलटी झाली, बोलणं अडखळलं, तर गाडी सावलीत लावून मदत मागावी. ऑर्डर उशिरा पोचली तरी चालेल.