डोकेदुखी : साधी कोणती, धोक्याची कोणती?

दिवसभराच्या कामाने वा अभ्यासाने दुखणारे डोके आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. ही ताणाची डोकेदुखी हळूहळू चढते, कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखी दोन्ही बाजूंना जाणवते आणि बहुधा विश्रांतीने उतरते.

आता दुसरे उदाहरण घेऊ. पन्नाशीच्या एक बाई पाण्याची घागर उचलतात, तोच डोक्यात घाव बसावा तशी कळ येते. मिनिटभरात ती असह्य होते. उलटी होते, मान आखडते. दोन तासांनी दुखणे थोडे कमी होते, म्हणून घरचे म्हणतात, "पित्त असेल." धोका येथेच आहे. मेंदूच्या रक्तवाहिनीवरील फुगा फुटला असेल, तर वेदना ओसरली तरी पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो. ही भीती पहिल्या २४ तासांत सर्वाधिक असते.

म्हणून आपण प्रथम विचारावे : दुखणे किती वेळात शिगेला पोहोचले? मिनिटभरात पोहोचले असेल, तर अन्य लक्षण नसले तरी तडक रुग्णालय गाठावे. शुद्ध हरपणे, झटके येणे, एकाचे दोन दिसणे, बोलणे अडखळणे, हातपाय लुळा पडणे किंवा तापासह मान आखडणे, यांपैकी काही असल्यास डोके हळूहळू दुखू लागले असले तरीही थांबू नये.

अ‍ॅस्पिरिन देऊ नये. त्याने रक्तस्राव वाढू शकतो. १०८ क्रमांकावर फोन करून सी. टी. स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. दुखणे सुरू झाल्याची नेमकी वेळ डॉक्टरांना सांगावी. पहिल्या ६ तासांतील स्कॅनमध्ये रक्त बहुधा दिसतेच; उशीर झाल्यास ते निसटू शकते आणि मग पाठीच्या मणक्यातील पाणी तपासावे लागते.