बॅटरीत ॲसिड घालू नका

आमच्या गावाकडच्या घरी १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी आहे. तीन पंखे आणि चार दिवे ती चार तास सहज ओढायची. यंदाच्या उन्हाळ्यात दीड तासातच इन्व्हर्टर शिट्टी मारू लागला. दुरुस्तीला आलेल्या मुलाने आधी पाणी पाहिलं. सहापैकी दोन सेलचे फ्लोट लाल खुणेच्या खाली गेले होते. डिस्टिल्ड वॉटर घालून झाल्यावर तो म्हणाला, "काका, ॲसिड पातळ झालंय, थोडं नवं घालून देतो." मी नको म्हटलं.

उन्हाने आणि चार्जिंगने बॅटरीतलं पाणी उडतं, ॲसिड उडत नाही. मग पातळी नीट असूनही ॲसिड पातळ का वाटतं? बॅटरी वापरली की ॲसिडमधला सल्फेट प्लेटांवर बसतो आणि पूर्ण चार्ज झाल्यावर परत द्रावणात येतो. आमच्याकडे रोज तासन् तास भारनियमन होतं आणि लाइट आली तरी व्होल्टेज कमी. बॅटरी कधी पूर्ण भरतच नव्हती. मग प्लेटांवरचा सल्फेट कडक होतो आणि सुटत नाही. यालाच सल्फेशन म्हणतात. त्यावर नवं ॲसिड ओतलं तर हायड्रोमीटरचा आकडा वर जातो, पण प्लेटा तशाच राहतात; उलट तीव्र ॲसिडने त्या लवकर खराब होतात.

पाणी घातल्याबरोबर ग्रॅव्हिटी मोजू नये. ताजं पाणी वरच तरंगतं आणि आकडा खोटा येतो. आधी पूर्ण चार्ज करावं, काही तास थांबावं, मग प्रत्येक सेल मोजून वहीत लिहावा. अशा बॅटरीची भरलेली ग्रॅव्हिटी साधारण १.२४०च्या आसपास असते. आमच्या सहाही सेलचे आकडे १.१९० ते १.२०० होते, आणि इन्व्हर्टरवर मात्र 'फुल' दिसत होतं. सल्फेशन झालेल्या बॅटरीचं व्होल्टेज चार्जिंगला लावल्यावर पटकन चढतं, म्हणून चार्जर फसतो.

सहाही सेल सारखेच खाली होते, हे चांगलं लक्षण. एखादाच सेल बाकीच्यांपेक्षा ०.०३०हून जास्त मागे असता, तर तो सेल गेला असं समजून मी खर्च केला नसता. ओळखीच्या बॅटरीवाल्याने बाहेरच्या चार्जरवर सात-आठ अँपिअरने, मधूनमधून हात लावून तापतेय का पाहत, सावकाश चार्ज केली. ग्रॅव्हिटी १.२२५पर्यंत आली, बॅकअप तीन तासांच्या जवळ गेला. पूर्वीसारखा झाला नाही, होणारही नव्हता. कडक झालेला काही सल्फेट कायमचाच राहतो.

चार्जिंग चालू असताना हायड्रोजन निघतो. खोली उघडी ठेवा, जवळ उदबत्तीसुद्धा नको. मोजताना चष्मा आणि हातमोजे घाला. दुसऱ्यांदा सावकाश चार्ज करूनही आकडे हलले नाहीत, तर बॅटरी बदलण्याला पर्याय नाही. जुनी देताना दुकानदाराकडून शिशाचे पैसे वळते करून घ्या.