हातपंपाजवळचा शोषखड्डा : छोट्या निधीसाठी एक विषय

युवा नवोपक्रम निधीसाठी अर्ज करताना आपल्या तरुणांनी एकच प्रश्न घ्यावा : पाड्यावरच्या हातपंपापाशी साचणारे सांडपाणी. आठवडाभर साचलेल्या पाण्यात डास वाढतात.

उपाय म्हणजे शोषखड्डा. सांडपाणी पाइपने 50 फूट दूर न्यावे. तेथे 4 फूट लांब, रुंद व खोल खड्डा दगडांनी भरून, वर भोके पाडलेले मडके बसवावे. गाळ त्यात अडकतो. दगड आणि श्रम पाड्याचेच, म्हणून पैसे लागतात ते पाइप व मडक्यापुरते.

दगड भरण्याआधी खड्ड्यात पाणी ओतून पाहा. दुसऱ्या दिवशीही ते तसेच राहिले, तर माती चिकण आहे, जागा बदला. पुढे मडके गाळाने भरले की पाणी पुन्हा वर साचते. ते कोण साफ करील, हे अर्जातच लिहा.