भ्रमणध्वनीवरील छायाचित्रावरून पीकरोगाची ओळख : टोमॅटोचे उदाहरण

टोमॅटोच्या पानावर डाग दिसला की त्याचे छायाचित्र भ्रमणध्वनीवर घ्यावे आणि यंत्राने रोगाचे नाव सांगावे, अशी सोय आता खेड्यापाड्यांतही झाली आहे. यंत्राचे उत्तर हाती येताच फवारणीस लागणे मात्र योग्य नव्हे. ते उत्तर कसे तयार होते हे ठाऊक असल्यास त्यावर कोठवर विसंबावे हे ठरविता येते.

अशा यंत्रणेला प्रथम हजारो पानांची छायाचित्रे रोगाच्या नावांसह दाखविली जातात. डागांचा रंग, कडा व पोत यांवरून ती प्रत्येक नावाची खूण बसवून घेते. पुढे नवे छायाचित्र आले म्हणजे शिकलेल्या नावांपैकी कोणते अधिक जुळते ते ती टक्क्यांत सांगते. 90 टक्के याचा अर्थ रोग 90 टक्के निश्चित आहे असा नव्हे. ठाऊक असलेल्या नावांत ते नाव सर्वांत जवळचे वाटले, एवढाच होतो. जो रोग तिला शिकविलेलाच नाही त्यालाही ती बहुधा त्यांपैकीच एखादे नाव देऊन मोकळी होते.

2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात 14 पिकांच्या व 26 रोगांच्या 54,306 छायाचित्रांवर अशी यंत्रणा तयार करण्यात आली. त्याच संग्रहातून बाजूस ठेवलेली छायाचित्रे तिने शंभरात 99 हून अधिक वेळा बरोबर ओळखली. परंतु अन्य ठिकाणाहून मिळविलेली, निराळ्या परिस्थितीत घेतलेली छायाचित्रे दाखविताच हे प्रमाण शंभरात सुमारे 31 वर आले. कारण उघड आहे. संग्रहातील पाने तोडून एकरंगी पृष्ठभागावर ठेवून टिपलेली होती. शेतात मात्र माती, सावली, दव आणि एकमेकांवर आलेली पाने असतात.

यास्तव छायाचित्र घेताना एकच पान चौकटभर यावे आणि त्यामागे कोरा कागद धरावा. दव ओसरल्यावर, पानावर सावली धरून, डाग स्पष्ट दिसतील असे टिपावे. पानाची वरची बाजू, खालची बाजू आणि संपूर्ण झाड अशी तीन छायाचित्रे घ्यावीत. शेताच्या निरनिराळ्या भागांतील पाच झाडांवर हाच क्रम करावा. पाचही वेळा एकच नाव न आल्यास त्या उत्तरावर भिस्त ठेवू नये.

आता असे समजा की, लागवडीनंतर दीड महिन्याने टोमॅटोच्या खालच्या पानांवर तपकिरी डाग आले व यंत्राने 'लवकर येणारा करपा' असे सांगितले. शेतकऱ्याने डाग न्याहाळावा. डागात एकात एक वर्तुळे असतील, भोवती पिवळी कडा असेल आणि रोग जुन्या पानांवरून वर चढत असेल, तर उत्तर जुळते. रोगट पाने काढून नष्ट करावीत आणि त्या पिकासाठी व त्या रोगासाठी वेष्टनावर शिफारस असलेले बुरशीनाशकच दिलेल्या प्रमाणात वापरावे.

दुसऱ्या शेतात झाडे एकाएकी माना टाकतात. यंत्र पानावरच्या एखाद्या फिकट डागावरून पुन्हा करप्याचेच नाव सांगते. येथे त्याचे मुळीच ऐकू नये, कारण मर रोगाचे मूळ पानात नसून मुळांत व खोडात असते आणि ते छायाचित्रात येत नाही. झाड हिरवे असतानाच कोमेजले असल्यास ते उपटून जमिनीलगतच्या खोडाचा बोटभर तुकडा कापावा व काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात त्याचे खालचे टोक बुडेल असा स्थिर धरावा. काही मिनिटांत टोकातून दुधाळ धागे पाण्यात उतरू लागले, तर ती जिवाणूजन्य मर होय. धागे न येता खोडाचा आतील भाग तपकिरी दिसला आणि खालची पाने आधी पिवळी पडली असतील, तर बुरशीजन्य मरेचा संशय घ्यावा. मुळांवर गाठी असल्यास सूत्रकृमींचा उपद्रव समजावा.

हा भेद शेतकऱ्याच्या खिशाशी निगडित आहे. जिवाणूजन्य मरेवर बुरशीनाशकाची फवारणी केल्यास पैसा वाया जातो आणि त्या अवधीत पाण्यावाटे रोग पुढील सरीत पोहोचतो. तेथे रोगट झाडे मुळासकट काढून जाळावीत, त्या भागातील पाणी निरोगी सरीत जाऊ देऊ नये आणि त्या जमिनीत लगेच वांगी, मिरची वा बटाटा घेऊ नये. ही पिकेही त्याच रोगास बळी पडतात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने यंत्राचे उत्तर, प्रत्यक्ष दिसलेली लक्षणे आणि पेल्यातील परीक्षेचा निकाल वहीत शेजारी शेजारी लिहावा. तिन्ही जुळत नसल्यास फवारणी थांबवून मुळासकट ताजे झाड कागदात गुंडाळून त्याच दिवशी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवावे.